बेरीज जुळली तरी गुण कापले: कर्जावरचं व्याज ऑपरेटिंगमध्ये राहिल्याची चूक कशी शोधायची

कॅश फ्लो स्टेटमेंटमध्ये ही चूक पुन्हापुन्हा दिसते, कारण ती स्वतःहून उघडी पडत नाही. शेवटची रोख शिल्लक ताळेबंदाशी बरोबर जुळते, विद्यार्थी निर्धास्त होतो आणि उत्तरपत्रिका परत येते तेव्हा ऑपरेटिंगच्या एकूण आकड्यावर लाल रेघ असते. ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग आणि फायनान्सिंग या तिन्हींची बेरीजच शेवटी मोजली जाते. त्यामुळे एखादी रक्कम एका कप्प्यातून दुसऱ्यात गेली तरी बेरजेला काही फरक पडत नाही. बेरीज जुळली याचा अर्थ एवढाच, की कुठली रक्कम गळली नाही किंवा दोनदा आली नाही. ती योग्य कप्प्यात आहे की नाही, हे बेरीज सांगत नाही.

इथे मुख्यतः दिलेल्या व्याजाचं बघू. सोबत कॅश क्रेडिटचंही बघावं लागेल, कारण या दोन चुका बहुतेक वेळा जोडीनेच येतात आणि एकमेकींना झाकतात.

लक्षणं

पुढीलपैकी एखादं लक्षण दिसलं तर चूक बहुधा याच कुळातली आहे:

- शेवटची रोख जुळते, पण ऑपरेटिंगचा आकडा चुकलेला आहे आणि फायनान्सिंगचा आकडा नेमका तेवढ्याच रकमेने उलट दिशेला चुकलेला आहे.
- ताळेबंदात डिबेंचर किंवा कर्ज आहे, तरी फायनान्सिंगमध्ये ‘दिलेलं व्याज’ अशी ओळच नाही.
- खेळत्या भांडवलातील बदलांच्या यादीत कॅश क्रेडिट, ओव्हरड्राफ्ट किंवा देय व्याज आलं आहे.
- शेवटची रोख जुळतच नाही आणि फरक बरोबर व्याजाएवढा आहे. हे लक्षण त्यातल्या त्यात बरं, कारण चूक निदान लपून राहत नाही.

इन्व्हेस्टिंगचा आकडाही चुकला असेल, तर दोष वेगळा आहे. तेव्हा स्थावर मालमत्तेचं खातं तपासा. या लेखाचा उपयोग होणार नाही.

नमुना उदाहरण

पुढच्या सगळ्या तपासण्या याच आकड्यांवर करू. एक उत्पादन करणारी कंपनी आहे. गणित सुटसुटीत राहावं म्हणून आयकर आणि लाभांश घेतलेले नाहीत.

| बाब | सुरुवातीला | अखेरीस |
|---|---|---|
| भाग भांडवल | १०,००,००० | १०,००,००० |
| नफा-तोटा खात्याची शिल्लक | २,००,००० | २,८०,००० |
| १०% डिबेंचर | ३,००,००० | ५,००,००० |
| कॅश क्रेडिट | ६०,००० | ९०,००० |
| धनको | ८०,००० | १,००,००० |
| देय व्याज | ५,००० | १०,००० |
| स्थावर मालमत्ता (निव्वळ) | ११,००,००० | १३,००,००० |
| मालसाठा | १,५०,००० | १,९०,००० |
| ऋणको | २,००,००० | २,३०,००० |
| रोख व बँक | १,९५,००० | २,६०,००० |

जादा माहिती अशी: वर्षभराचा घसारा १,००,०००. नवीन डिबेंचर वर्षाचे सहा महिने संपल्यावर काढले. कॅश क्रेडिटवरचं व्याज धरायचं नाही.

बरोबर उत्तरात ऑपरेटिंगमधून १,७०,००० येतात, इन्व्हेस्टिंगमध्ये ३,००,००० जातात आणि फायनान्सिंगमधून १,९५,००० येतात. रोख ६५,००० ने वाढते. नेहमी दिसणाऱ्या चुकीच्या उत्तरात हेच आकडे १,६५,०००, ३,००,००० आणि २,००,००० असे येतात. तिथेही वाढ ६५,०००च. हा फरक कुठून आला, ते पायरीपायरीने शोधू.

पहिली तपासणी: प्रश्न कोणत्या मानकावर आहे आणि कंपनी कोणत्या धंद्यात आहे

याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि इथेच उत्तर मिळालं तर पुढची सगळी मेहनत वाचते. दिलेलं व्याज कुठे दाखवायचं, याचा नियम जगभर एकच नाही.

भारतातल्या एएस ३ आणि इंड एएस ७ या दोन्ही मानकांत वित्तीय संस्था सोडून इतर कंपन्यांनी दिलेलं व्याज फायनान्सिंगमध्ये जातं. मिळालेलं व्याज आणि मिळालेला लाभांश इन्व्हेस्टिंगमध्ये, आणि दिलेला लाभांश फायनान्सिंगमध्ये. कंपनी बँक किंवा कर्ज देणारी वित्तसंस्था असेल तर दिलेलं आणि मिळालेलं व्याज दोन्ही ऑपरेटिंगमध्ये, कारण पैसा घेणं आणि देणं हाच तिचा धंदा. लाभांश देणं मात्र तिथेही फायनान्सिंगच.

आंतरराष्ट्रीय आयएएस ७ मध्ये बिगर-वित्तीय कंपनीला दिलेल्या व्याजासाठी ऑपरेटिंग किंवा फायनान्सिंग असा पर्याय होता. आयएफआरएस १८ या नव्या मानकाने तो बहुतेक कंपन्यांसाठी बंद केला आहे: १ जानेवारी २०२७ पासून सुरू होणाऱ्या वर्षांना दिलेलं व्याज फायनान्सिंगमध्येच. अमेरिकी मानकात मात्र दिलेलं व्याज ऑपरेटिंगमध्ये दाखवतात, कारण ते निव्वळ नफा ठरवताना वजा झालेलं असतं. त्या पद्धतीने आपल्या उदाहरणात ऑपरेटिंग १,३५,००० आणि फायनान्सिंग २,३०,००० येईल.

परदेशी पुस्तकातून किंवा व्हिडिओतून अभ्यास करून एएस ३ वरचा पेपर लिहिला, की गुण जातात ते इथे. समज पक्की असते, पण मानक दुसरंच असतं. म्हणून सरावाचं उदाहरण सोडवण्याआधी ते कोणत्या मानकावर बेतलं आहे, ते वहीत वरच लिहून ठेवावं.

दुसरी तपासणी: ऑपरेटिंगच्या पहिल्या चार ओळी

अप्रत्यक्ष पद्धतीत सुरुवात निव्वळ नफ्यापासून होते. त्या नफ्यातून व्याज आधीच वजा झालेलं आहे. म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही, तर व्याज आपोआप ऑपरेटिंगमध्ये राहतं. बहुतेक विद्यार्थी ‘मी व्याज ऑपरेटिंगमध्ये टाकलंच नाही’ असं म्हणतात, आणि ते खरंही असतं. त्यांनी ते टाकलं नाही. तिथून काढायचं राहिलं.

म्हणून नफ्यात घसारा मिळवता त्याच जागी डिबेंचरवरचं व्याज मिळवलं आहे का, ते बघा. आपल्या उदाहरणात ८०,००० नफा, अधिक घसारा १,००,०००, अधिक व्याज ४०,०००, म्हणजे खेळत्या भांडवलातील बदलांपूर्वीचा ऑपरेटिंग नफा २,२०,००० यायला हवा. तुमच्याकडे १,८०,००० आला असेल, तर दोष सापडला.

घसारा आणि व्याज एकाखाली एक मिळवले जातात, म्हणून दोन्हींचं कारण एकच आहे असा गैरसमज होतो. घसाऱ्यात रोख जातच नाही, म्हणून तो मिळवला की विषय संपतो. व्याजात रोख गेलेली असते, फक्त ती दुसऱ्या कप्प्यातून गेल्याचं दाखवायचं असतं. त्यामुळे व्याजाला खाली एक जोडीदार ओळ लागतेच.

प्रत्यक्ष पद्धत वापरली असेल तर ही चूक वेगळ्या वेशात येते. तिथे ‘इतर खर्चापोटी दिलेली रक्कम’ या ओळीत व्याज मिसळलं जातं. खर्चाच्या यादीतून ते आधीच बाजूला काढा.

तिसरी तपासणी: जोडीदार ओळ आहे का

पेन्सिल घ्या. ऑपरेटिंगमध्ये मिळवलेल्या किंवा वजा केलेल्या प्रत्येक बिगर-ऑपरेटिंग रकमेसमोर खूण करा आणि तिची जोडी खालच्या दोन कप्प्यांत शोधा. व्याज खर्च मिळवला असेल तर फायनान्सिंगमध्ये ‘दिलेलं व्याज’ वजा असलं पाहिजे. व्याजाचं उत्पन्न वजा केलं असेल तर ते इन्व्हेस्टिंगमध्ये मिळालेलं दिसलं पाहिजे. मालमत्ता विक्रीचा तोटा मिळवला असेल तर इन्व्हेस्टिंगमध्ये विक्रीची पूर्ण रक्कम हवी.

व्याज वर मिळवलं आणि खाली वजा करायचं राहिलं, तर आपल्या उदाहरणात रोखीची वाढ ६५,००० ऐवजी १,००,००० दिसते. फरक ३५,००० चा, म्हणजे प्रत्यक्ष दिलेल्या व्याजाएवढा. असा फरक दिसला की ताळेबंद पुन्हा पहिल्यापासून चाळत बसू नका, थेट ही ओळ बघा.

हा फरक ‘संकीर्ण’ नावाची ओळ घालून भरून काढणं मात्र टाळा. तपासणाऱ्याची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते.

चौथी तपासणी: चालू देण्यांची यादी एकेक करून

इथे थोडा वेळ लागतो. ‘चालू देणी वाढली की मिळवायची, घटली की वजा करायची’ हा नियम पाठ केलेला असतो आणि ताळेबंदात चालू देण्यांच्या शीर्षकाखाली जे जे दिसेल त्याला तो लावला जातो. पण ते शीर्षक फक्त मुदत सांगतं. रक्कम मालाच्या व्यवहारातून आली की कर्जातून, हे ते सांगत नाही.

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारा: कंपनीने सगळा पैसा भागधारकांकडूनच उभा केला असता, कर्ज घेतलंच नसतं, तर ही रक्कम इथे असती का? धनको असतेच, कारण माल उधारीवर आलाच असता. देय पगार असताच. कॅश क्रेडिट नसतं. देय व्याज नसतं. दीर्घ मुदतीच्या कर्जाचा पुढच्या वर्षी फेडायचा हप्ता चालू देण्यांत दाखवतात, तोही नसता. ‘नसतं’ असं उत्तर आलेल्या ओळी ऑपरेटिंगमधून बाहेर काढायच्या.

या प्रश्नाला दोन मर्यादा आहेत. न दिलेला लाभांश कर्ज नसतानाही असू शकतो, तरी तो फायनान्सिंगचाच आहे. तिथे प्रश्न भांडवल पुरवणाऱ्यांना पैसा देण्याचा आहे. यंत्र उधारीवर घेतलं असेल तर त्या पुरवठादाराची बाकीही खेळत्या भांडवलात धरत नाहीत.

आता आपलं उदाहरण. खेळत्या भांडवलात तीनच बदल येतात: धनको वाढले म्हणून अधिक २०,०००, मालसाठा वाढला म्हणून वजा ४०,०००, ऋणको वाढले म्हणून वजा ३०,०००. निव्वळ वजा ५०,०००. म्हणून २,२०,००० मधून ५०,००० जाऊन ऑपरेटिंगमधून १,७०,०००. कॅश क्रेडिटमधली ३०,००० ची वाढ फायनान्सिंगमध्ये जाते.

चुकीच्या उत्तरात काय झालं होतं ते आता दिसेल. व्याज मिळवायचं राहिलं, त्यामुळे ऑपरेटिंग ४०,००० ने कमी झालं. कॅश क्रेडिटची वाढ तिथे मिळवली, ३०,००० जास्त. देय व्याजाची वाढ तिथेच मिळवली, आणखी ५,००० जास्त. तीन चुका मिळून फरक उरला फक्त ५,००० चा: १,७०,००० च्या जागी १,६५,०००. अशा वेळी विद्यार्थ्याला वाटतं की पाच हजारांची कुठली तरी आकडेमोड चुकली, आणि तो बेरजा पुन्हा करत बसतो. बेरजा सगळ्या बरोबर असतात. फरक लहान आहे म्हणून चूकही लहान असेल, असं इथे धरून चालू नका.

कॅश क्रेडिट आणि ओव्हरड्राफ्टबद्दल एक बारकावा. इंड एएस ७ आणि आयएएस ७ नुसार, मागताच फेडायचा ओव्हरड्राफ्ट कंपनीच्या रोजच्या रोख व्यवस्थापनाचा अविभाज्य भाग असेल, तर तो रोख व रोखतुल्य रकमेतूनच वजा होऊ शकतो. आपल्या उदाहरणात तसं केलं तर सुरुवातीची रोख १,३५,००० आणि अखेरची १,७०,००० धरावी लागेल, आणि वाढ ३५,००० येईल. एएस ३ वरच्या उदाहरणांत तो अल्प मुदतीचं कर्ज म्हणून फायनान्सिंगमध्येच दाखवतात. यातलं काहीही घेतलं तरी ऑपरेटिंग १,७०,०००च राहतं. कुठल्याच वाटेने ही रक्कम ऑपरेटिंगमध्ये येत नाही.

पाचवी तपासणी: रक्कम किती, कधीपासून

जागा बरोबर असूनही आकडा चुकल्यामुळे ओळ अमान्य होते, म्हणून ही तपासणी. यात दोन वेगळ्या रकमा आहेत, आणि त्यांची गल्लत ही या विषयातली सगळ्यात चिवट चूक आहे.

ऑपरेटिंगमध्ये मिळवायचा तो नफा-तोटा खात्याला लागलेला व्याजाचा खर्च. तो काढताना डिबेंचर कधी काढले ते बघा. जुन्या ३,००,००० वर पूर्ण वर्षाचे ३०,०००. नव्या २,००,००० वर सहा महिन्यांचे १०,०००. एकूण ४०,०००. अखेरच्या ५,००,००० वर सरसकट १०% लावून ५०,००० धरले, तर ऑपरेटिंग १०,००० ने फुगतं, फायनान्सिंग तेवढंच घटतं आणि बेरीज पुन्हा जुळून मोकळी होते. तारीख दिलेलीच नसेल, तर कोणती धरली ते टीपेत लिहा.

फायनान्सिंगमध्ये वजा करायचं ते प्रत्यक्ष दिलेलं व्याज. देय व्याजाचं छोटं खातं मांडा: सुरुवातीचं देणं ५,०००, अधिक वर्षाचा खर्च ४०,०००, वजा अखेरचं देणं १०,०००, म्हणजे दिले ३५,०००. देय व्याज नसेल तर दोन्ही रकमा सारख्याच येतात. बरीचशी सोपी उदाहरणं तशीच असतात, म्हणून ‘जेवढं मिळवलं तेवढंच वजा’ अशी सवय लागते.

देय व्याजाकडे दुर्लक्ष करून खाली ४०,००० वजा केले आणि देय व्याजातली ५,००० ची वाढ खेळत्या भांडवलात मिळवली, तर ऑपरेटिंग १,७५,००० आणि फायनान्सिंग १,९०,००० येतं. बेरीज याही वेळी ६५,०००. खाली वजा झाले ४०,००० आणि बँकेतून गेले ३५,०००, एवढं लक्षात आलं की चूक सापडते.

सगळ्या दुरुस्त्यांनंतर फायनान्सिंग असं दिसेल: डिबेंचर काढून मिळालेले २,००,०००, कॅश क्रेडिटमधली वाढ ३०,०००, वजा दिलेलं व्याज ३५,०००, निव्वळ १,९५,०००. इन्व्हेस्टिंगमध्ये एकच ओळ: सुरुवातीची मालमत्ता ११,००,०००, त्यातून घसारा १,००,००० गेला, तरी अखेरीस १३,००,००० आहेत, म्हणजे खरेदी ३,००,०००.

कुठे थांबायचं आणि कुणाला विचारायचं

पाचही तपासण्या करून तुमचं उत्तर १,७०,००० सारखं स्वच्छ निघत असेल आणि छापील उत्तर तरीही वेगळं असेल, तर आकड्यांशी झटापट थांबवा. छापील उत्तर दुसऱ्या मानकावर बेतलं असण्याची किंवा त्यातच चूक असण्याची शक्यता आहे. शिक्षकांकडे जाताना पूर्ण उत्तर नेण्यापेक्षा तीनच गोष्टी न्या: मानकाचं नाव, देय व्याजाचं खातं, आणि ऑपरेटिंगमधला फरक कोणत्या ओळींमुळे पडला त्याची यादी. फेरतपासणी मागायची असेल तरी हेच कागद लागतात.

काही बाबी अशा आहेत, की त्या सरावाच्या उदाहरणात आल्या तर अंदाजाने लिहू नका, विचाराच. बांधकाम चालू असलेल्या मालमत्तेच्या किमतीत मिळवलेलं व्याज ही त्यातली एक. ते नफा-तोटा खात्यातून गेलेलंच नसतं, त्यामुळे नफ्यात परत मिळवायचा प्रश्नच येत नाही. मिळवलंत तर नवीनच चूक होते. भाडेपट्ट्याचे हप्ते ही दुसरी. इंड एएस ११६ खाली ताळेबंदात घेतलेल्या भाडेपट्ट्याचं मुद्दल आणि व्याज दोन्ही फायनान्सिंगमध्ये जातात, तर साधं भाडं ऑपरेटिंगमध्येच राहतं. प्रश्नात भाडेपट्टा कोणत्या प्रकारचा आहे हे स्पष्ट नसेल तर आधी ते स्पष्ट करून घ्या.

आणि हे विवरण परीक्षेचं नसून खऱ्या कंपनीच्या वार्षिक हिशेबातलं असेल, तर दुसऱ्या तपासणीनंतरच थांबा. तिथे मागच्या वर्षीचे तुलनात्मक आकडेही बदलावे लागू शकतात, आणि बँकेला दिलेल्या माहितीत ऑपरेटिंग रोखीचा आकडा आधीच गेलेला असू शकतो. ते काम चार्टर्ड अकाउंटंटचं आहे, आणि विवरणावर सही होण्याआधीच त्यांना सांगितलेलं बरं.